आधी देणं, मग भेट

नाशिक जिल्ह्यात मार्च महिन्यात द्राक्षांचं पॅकहाउस रात्री कसं चालतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचा प्रसंग नवा वाटणार नाही. इतरांसाठी तो रचून सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच करायचा आहे.

शनिवारची रात्र, साडेदहाची वेळ. दिवसभर तोडलेला माल प्रिकूलिंगमध्ये गार होतोय. शेजारच्या चेंबरमध्ये युरोपला जाणाऱ्या तीन कंटेनरचे पॅलेट शून्य ते एक अंशावर उभे आहेत. अमोनियाच्या मोठ्या कॉम्प्रेसरच्या मोटरचा आवाज बदलतो आणि ॲम्पिअरचा काटा चढायला लागतो. रात्रपाळीचा ऑपरेटर कुणाच्या परवानगीची वाट न बघता मोटर बंद करतो आणि मेंटेनन्सच्या तंत्रज्ञाला फोन लावतो. तंत्रज्ञाची ड्यूटी संध्याकाळी सहालाच संपलेली असते, तरी अकराला तो हजर होतो. बेअरिंग गेलंय, वाइंडिंग जळलंय. राखीव कॉम्प्रेसर छोटा आहे. तो एक चेंबर सांभाळेल, सगळं नाही. तंत्रज्ञ निर्णय घेतो : प्रिकूलिंग बंद, सगळी थंडाई तयार पॅलेटना, चेंबरचं दार कुणीही उघडायचं नाही. डिस्पॅचचा कारकून फोन करकरून दोन रिकामे रीफर कंटेनर मिळवतो. सुपरवायझर बागायतदारांना उठवून सकाळची तोडणी थांबवायला सांगतो. वॉचमन गेटवर उभा राहून आलेल्या पिकअप परत पाठवतो, शिव्या खातो. पहाटे तंत्रज्ञ अंबडच्या औद्योगिक वसाहतीत जातो, त्याच क्षमतेची मोटर भाड्यानं मिळवून आणतो, बसवतो, कपलिंग सरळ रेषेत आणतो. रविवारी संध्याकाळी पाचला मोठा कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतो. माल वाचतो.

सोमवारी सकाळी सगळ्यांना बोलावून तंत्रज्ञाच्या हातात दोन हजारांचं शॉपिंग व्हाउचर आणि एक प्रमाणपत्र दिलं जातं. टाळ्या वाजतात, फोटो निघतो, ग्रुपवर अंगठे आणि फुलं पडतात. देणाऱ्याच्या मनात खोट नाही. त्याला खरंच वाटतंय की आपण कदर केली.

तंत्रज्ञ मात्र घरी जाऊन वेगळा हिशोब करतो. त्याचा पगार 24,000. सव्वीस दिवस आणि आठ तास धरले तर तासाला साधारण 115 रुपये पडतात. सोमवार ते शनिवार त्याचे अट्ठेचाळीस तास भरलेले होते, म्हणजे शनिवारी रात्री अकरापासून रविवारी संध्याकाळी पाचपर्यंतचे अठराच्या अठरा तास जादा. जादा तासाला दुप्पट दर. 1948 च्या कारखाने अधिनियमात तो होता, त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही दुप्पटच आहे. शीतगृहात माल साठवणं हीसुद्धा त्या जुन्या कायद्याच्या लेखी कारखान्याचीच प्रक्रिया होती. तातडीच्या दुरुस्तीसाठी कामाच्या तासांची मर्यादा सैल करायला त्यात वाव होता, पण दुप्पट दर सोडून द्यायला नव्हता. तेव्हा अठरा तासांचे झाले सुमारे 4,150 रुपये. शिवाय साप्ताहिक सुट्टी गेली, तिच्या बदल्यात सुट्टी. पिकअपचं भाडं 1,800 त्यानं खिशातून दिलं होतं, आणि रात्री सगळ्यांना चहा-वडापाव आणला त्याचे 640. एकूण जवळजवळ 6,600 रुपये आणि एक दिवस कंपनीकडून येणं आहे. त्यापोटी मिळालं दोन हजारांचं व्हाउचर, तेही एका ठरावीक दुकानात चालणारं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. अशा तातडीच्या बक्षिसांबद्दल जी नाराजी ऐकू येते, तिचं मूळ बहुतेकदा रक्कम लहान असण्यात नसतं. देणं चुकतं न करता त्याच्या जागी भेट ठेवली जाते, हे ते मूळ. कायद्यानं आणि व्यवहारानं जे त्या माणसाचंच आहे, ते दिलं नाही तोवर भेट ही भेट होतच नाही. ती उधारीचा एक हप्ता होते, आणि त्याचं मोजमाप उधारीशीच होतं. 4,150 च्या समोर 2,000 कमीच दिसणार. हेच दोन हजार सगळं देणं चुकतं झाल्यावर आले असते, तर त्यांची तुलना कशाशीच झाली नसती.

यावर मालकांचं ठरलेलं उत्तर असतं : 'अहो, तो मेंटेनन्सचा माणूस. मशीन बंद पडलं की येणं हे त्याचं कामच आहे.' बरोबर आहे, काम त्याचंच आहे. पण काम त्याचं म्हणून अठरा तास फुकट होत नाहीत. उलट काम त्याचं आहे म्हणूनच त्याचा दर ठरलेला आहे. दुसरं उत्तर जरा हुशारीचं असतं : तो 'इन्चार्ज' आहे, त्याला ओव्हरटाइम लागू नाही. आपल्याकडे पदनामं फार स्वस्त झाली आहेत. दिवसभर पाना-स्क्रू ड्रायव्हर हातात असलेल्या, ज्याच्या हाताखाली कुणी नाही, कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार नाही, अशा माणसाला इन्चार्ज म्हटलं म्हणून तो व्यवस्थापक होत नाही. कायदा पदनाम पाहत नाही, प्रत्यक्ष काम पाहतो. आणि जो खरोखरच व्यवस्थापक आहे, ज्याला जादा तासांचे पैसे लागू नाहीत, त्याचीही बदली सुट्टी आणि खिशातले पैसे हे देणं उरतंच.

देणं वेगळं आणि भेट वेगळी ठेवली की काय होतं, याचा एक चांगला पुरावा जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आला आहे. सेबास्टियन कूब, मिशेल मारेशाल आणि क्लेमेन्स पुप्पे या तीन अर्थशास्त्रज्ञांनी तो 2012 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना तीन तास पुस्तकांच्या नोंदी करायचं काम दिलं, तासाला 12 युरो मजुरी ठरवून. काम सुरू होण्याआधी काहींना अनपेक्षितपणे 7 युरो जास्त देण्यात आले. काहींना साधारण त्याच किमतीची थर्मासची बाटली, वेष्टनात बांधून. रोख वाढीचा कामावर जेमतेम परिणाम झाला. बाटली मिळालेल्यांचं काम सुमारे पाव पटीनं वाढलं. बाटलीची किंमत सांगून टाकली तरी परिणाम टिकला. मग त्यांनी रोख पैसेच कागदी घडीकामाच्या रूपात, नोटेला शर्टाचा आकार देऊन दिले, तर त्यांचाही परिणाम बाटलीइतकाच मोठा निघाला. देणाऱ्यानं आपल्यासाठी वेळ खर्च केला, एवढंच त्या घडीतून दिसत होतं.

हा प्रयोग सांगून बरेचजण एवढाच निष्कर्ष काढतात की रोख देऊ नका, वस्तू द्या. त्यातून डायऱ्या, मग आणि पॉवर बँक वाटण्याचा धंदा तेजीत आहे. पण त्या विद्यार्थ्यांना ठरलेली 36 युरोची मजुरी पूर्ण मिळणारच होती, याकडे फारसं कुणी बघत नाही. बाटली मजुरीच्या वर होती, मजुरीऐवजी नव्हती. मजुरीतून 7 युरो कापून बाटली दिली असती तर काय झालं असतं, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय ते तीन तासांचं काम होतं. आपल्या तंत्रज्ञाची त्या कंपनीत दहा वर्षं झालेली असतात, आणि मागच्या प्रत्येक रात्रीची आठवण तो बरोबर आणतो.

देणं चुकतं झालं असं धरू. आता भेट कुणाला आणि केवढी, हा खरा न्यायाचा प्रश्न.

कुणाला, हे ठरवताना बहुतेक ठिकाणी पुरावा असतो व्हॉट्सॲपचा. रात्रभर ग्रुपवर 'पोहोचलो', 'काम सुरू आहे', 'साहेब, काळजी नसावी' असं जो लिहीत राहिला, तो सकाळी साहेबांच्या डोळ्यासमोर असतो. ज्याचे हात ग्रीसनं भरलेले होते, त्यानं फोन खिशातून काढलेलाच नसतो. म्हणून अशा घटनेनंतर बक्षिसाचा विचार करण्याआधी ती रात्र कागदावर पुन्हा उभी करावी. साधनं हाताशीच असतात : कॉम्प्रेसरची तासातासाची लॉगशीट, गेटचं रजिस्टर, फोनमधल्या कॉलच्या वेळा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि त्यात हमखास काहीतरी निघतं. आपल्या प्रसंगातच बघा. लॉगशीटवर साडेदहाच्या रकान्यात ॲम्पिअरचा आकडा आहे आणि पुढे ऑपरेटरनं लिहिलंय, 'मोटर बंद केली'. त्यानं अकरापर्यंत कुणाच्या हुकमाची वाट पाहिली असती, तर मोटरबरोबर आणखी काय गेलं असतं सांगता येत नाही. रात्रपाळीतल्या बारा-पंधरा हजार पगाराच्या माणसानं स्वतःच्या जबाबदारीवर मोठा कॉम्प्रेसर बंद करणं हे धाडसाचं काम आहे. निर्णय चुकला असता तर बोलणी त्यालाच बसली असती. तो त्याच्या पाळीतच होता, त्याचा एकही तास जादा नाही, म्हणून देण्याच्या हिशोबात त्याचं नाव येत नाही. भेटीच्या हिशोबात मात्र ते अगदी वर यायला हवं.

केवढी द्यायची, याची एक मोहक आणि चुकीची मोजपट्टी आहे : वाचलेल्या मालाची किंमत. साठ लाखांचा माल वाचला तर बक्षीसही त्या प्रमाणात, असं ऐकायला उदार वाटतं. पण चेंबरमध्ये त्या रात्री तीन कंटेनरचा माल होता की अर्ध्याचा, हे तंत्रज्ञाच्या हातात नव्हतं. त्याच अठरा तासांची, त्याच कौशल्याची किंमत हंगामाच्या शेवटी, अर्ध्या रिकाम्या चेंबरमुळे घसरली, तर तो न्याय नव्हे. आणि उलट बाजूही आहे. सगळं अचूक करूनही कधी माल जातो. भाड्याची मोटर मिळतच नाही, रविवार असतो, दुकानं बंद असतात. वाचलेल्या मालावर बक्षीस बेतणाऱ्या कंपनीत त्या माणसाला काहीच मिळत नाही, आणि पुढच्या वेळी रात्री अकराला फोन उचलताना तो हे विसरत नाही.

म्हणून मोजायचं ते त्या माणसाच्या बाजूनं. त्यानं नेमून दिलेल्या कामापलीकडे किती जबाबदारी अंगावर घेतली? त्याची किंमत त्याच्या घरानं काय मोजली? समजा त्या रविवारी भाचीचा साखरपुडा होता, तो मामा म्हणून उभा राहणार होता आणि राहू शकला नाही. हे नुकसान पैशात येत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते भेटीचं क्षेत्र आहे. कंपनीला हे माहीत होण्यासाठी कुणीतरी त्याला विचारायला हवं, आणि सभेत नाही, बाजूला घेऊन. कित्येक माणसांना टाळ्यांमध्ये उभं राहणं नकोसं होतं. शाल-श्रीफळाचा सत्कार आपल्याकडे सवयीचा आहे, पण ज्याला तो हवा त्याच्यासाठी. दुसऱ्याला दोन दिवस जोडून रजा आणि भाचीच्या घरी पाठवलेली मिठाई-साडी जास्त मोलाची वाटेल. तिसऱ्याला एक पत्र हवं असेल. पत्राचं म्हणाल तर त्यात 'आपल्या समर्पित सेवेबद्दल' असलं काही नको. 'प्रिकूलिंग बंद करून थंडाई तयार पॅलेटना देण्याचा निर्णय तुम्ही रात्री सव्वाअकराला घेतलात, म्हणून माल दोन अंशांच्या वर गेला नाही', असं एक वाक्य मालकाच्या सहीनं मिळालं तर माणूस ते कागदपत्रांच्या फाइलमध्ये जपून ठेवतो. पुढच्या नोकरीच्या मुलाखतीतही ते कामाला येतं, आणि याची भीती वाटणाऱ्या मालकानं पत्राऐवजी पगाराचा विचार करावा.

रकमेबद्दल थोडं. अशी भेट मोठी असायची गरज नाही. दोन ते पाच हजारांची वस्तू पुरते, अट एवढीच की ती निवडलेली असावी, कपाटातून काढलेली नसावी. करामुळेही लहान आकडा सोयीचा पडत आला आहे. 1962 च्या आयकर नियमांत मालकाकडून मिळालेली वस्तू किंवा व्हाउचर वर्षभरात मिळून 5,000 रुपयांच्या आत असेल तर करपात्र धरली जात नव्हती. रोख रक्कम मात्र पहिल्या रुपयापासून पगारातच मोजली जाते. कोणती मर्यादा चालू आहे हे हिशोबनिसाला विचारून मगच भेट ठरवावी. पुढच्या महिन्याच्या पगारपत्रकात भेटीवरचा कर कापलेला दिसणं फार बोचतं.

आता सगळ्यात अवघड भाग. लॉगशीट चाळताना दोन महिने मागे गेलो आणि मेंटेनन्सच्या वहीत जानेवारीतली नोंद सापडली : 'मोठ्या मोटरच्या बेअरिंगला आवाज. बदलणे आवश्यक.' खाली त्याच तंत्रज्ञाची सही, आणि शेरा, 'हंगामानंतर बघू'. अशी नोंद सापडणं दुर्मीळ नाही. ती सापडली की बक्षिसाचा अर्थच बदलतो. माणसाला त्याच संकटाबद्दल बक्षीस दिलं जातंय जे टाळायला त्यानं सांगितलं होतं. अशा वेळी टाळ्या वाजवणं म्हणजे चौकशी बंद करणं, आणि सभेतला प्रत्येक कामगार ते ओळखतो. इथे पहिलं आभारप्रदर्शन म्हणजे ती नोंद मोठ्यानं वाचणं, शेरा मारणाऱ्यानं तो आपला होता हे कबूल करणं, आणि बेअरिंगसह राखीव मोटरची खरेदी त्याच आठवड्यात मंजूर करणं. तंत्रज्ञाला विचारून बघा, व्हाउचर आणि राखीव मोटर यांत तो काय निवडतो.

नेल्सन रेपेनिंग आणि जॉन स्टरमन या दोघांनी 2001 मध्ये कारखान्यांतल्या सुधारणांवर लिहिताना हीच गाठ दाखवली होती. घडू न दिलेल्या बिघाडाचं श्रेय कुणालाच मिळत नाही, आग विझवणाऱ्याला मिळतं. मग हुशार माणसंही हळूहळू आग विझवण्याकडे वळतात आणि देखभालीला वेळ उरत नाही. तातडीच्या बक्षिसाची योजना हा कल वाढवू शकते. त्यावर माझ्या अनुभवात एकच उपाय थोडाफार चालतो : वर्षभरात अशा जितक्या भेटी संकट निभावल्याबद्दल जातील, निदान तितक्याच वहीत वेळेवर केलेल्या नोंदीसाठी, बिघाडाआधी बदललेल्या पट्ट्यासाठी किंवा बेअरिंगसाठीही जाव्यात. त्या शोधाव्या लागतात, कारण त्यांचा फोटो निघत नाही. जी कंपनी शोधत नाही तिच्या बक्षिसांची यादी पाहा. दर वर्षी तेच तेच यंत्र तिच्यात दिसेल.

आणखी एक गोष्ट इथे सोडून चालणार नाही, कारण काम अमोनियाचं आहे. गळती झाली असता मास्क आणि श्वसनसंच न लावता जो आत धावला, त्याचं काळीज मोठं असेल, पण त्याला बक्षीस देऊ नये. त्याला दवाखान्यात न्यावं, त्याची रजा भरपगारी करावी, त्याच्याशी प्रेमानं बोलावं. सगळ्यांसमोर सत्कार मात्र नको. सत्काराकडे पाहणारा विशीतला हेल्पर पुढच्या गळतीत त्याच्या मागे धावेल. सव्वा मिनिट थांबून संच चढवणारा आणि बाहेर दुसरा माणूस उभा करून मगच आत जाणारा, भेट त्याची.

राहिला वॉचमन. तो ठेकेदाराचा माणूस, कंपनीच्या यादीत त्याचं नाव नाही. बक्षीस योजनेच्या पहिल्याच ओळीत 'कायम कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं असतं, म्हणून त्या रात्रीच्या हिशोबात तो कुठेच येत नाही. हीच अडचण लोडिंगच्या मजुरांची, कँटीनच्या बाईंची. पण गेटच्या रजिस्टरवर त्या रात्री परत पाठवलेल्या प्रत्येक पिकअपचा नंबर आणि वेळ त्याच्याच अक्षरात आहे. त्या गाड्या आत आल्या असत्या तर प्रिकूलिंग बंद असताना तो माल कुठे ठेवायचा, याला तंत्रज्ञाकडेही उत्तर नव्हतं. सकाळी सहाला त्याची पाळी संपली आणि बदली माणूस आला नाही म्हणून तो दुपारी दोनपर्यंत उभा राहिला. त्याचे ते आठ तास ठेकेदारानं द्यायचे आहेत. ठेकेदारानं दिले नाहीत तर मुख्य मालकाला द्यावे लागतात, अशी कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्यातच तरतूद होती. तेव्हा ठेकेदाराचं पुढचं बिल पास करताना त्या आठ तासांची पावती, वॉचमनच्या सहीसकट, मागून घ्यायची. आणि भेटीसाठी योजनेची पहिली ओळ बदलायची, किंवा ती बदलेपर्यंत मालकानं स्वतःच्या खर्चानं ती द्यायची, तीही बाकीच्यांना मिळेल त्याच दिवशी.